कारखानदाराला वेबसाइटचं कोटेशन देताना: जळगावातल्या एका पत्राची चिरफाड

जळगावात वेबसाइटचं काम सुरू केलेली नवी मुलं अधूनमधून मला त्यांचं कोटेशन दाखवतात. बहुतेकांचं एकाच ओळीत आटोपलेलं असतं: ‘पाच पानांची वेबसाइट, 25 हजार.’ एमआयडीसीतला मालक ती ओळ वाचतो, भाच्याच्या ओळखीतला कुणी 12 हजारांत करून देतो म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. 25 मध्ये काय येतं आणि 12 मध्ये काय येत नाही, हे त्या माणसाला कळायला मार्गच नसतो. म्हणून मी नुसता आकडा देत नाही, दोन पानी पत्र देतो. एका चटईच्या कारखान्याला दिलेलं पत्र इथे उलगडून दाखवतो.

मालकांना सगळे आबा म्हणतात. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “कितला पैसा लागतीन, ते सांग.” आकडा तिथल्या तिथे सांगायचा मोह होतो, पण मी तो टाळला आणि तासभर ऑफिसात बसून राहिलो. तेवढ्या वेळात बाहेरगावच्या व्यापाऱ्यांचे फोन येत होते. प्रत्येकाला तेच हवं होतं: कोणते साइज, एका नगाचं वजन किती, बंडलात किती नग, कोणते रंग तयार आहेत. आबांचा मुलगा दर वेळी गॅलरीत बोटं फिरवून एकेक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवत होता.

पत्राचा पहिला परिच्छेद मी याच गोष्टीवर लिहिला: “व्यापाऱ्याने विचारल्यावर एकच लिंक पाठवता यावी, तिथे साइज, वजन, पॅकिंग आणि रंग दिसावेत, आणि तिथूनच त्याला तुमच्या नंबरवर व्हॉट्सॲप करता यावं, यासाठी ही वेबसाइट आहे.” कंपनीचं कौतुक, डिजिटल युग वगैरे काही लिहिलं नाही. हे वाक्य एकदा ठरलं की बाकीचं पत्र त्याच्या मागे सरळ चालतं. ऑनलाइन पेमेंट लागतं का? नाही, कारण गाडीभाडं आणि उधारीची बोलणी फोनवरच होतात. मग ते कामात धरायचं कारण नाही.

कामाची व्याप्ती लिहिताना ‘पाच पाने’ एवढ्यावर थांबू नका. मी पानांची नावं लिहिली: मुखपृष्ठ, कारखान्याची माहिती, उत्पादने, डीलर होण्यासाठीचा फॉर्म, संपर्क. उत्पादनांच्या पानावर चार प्रकारच्या चटया, प्रत्येकीचे जास्तीत जास्त सहा फोटो आणि एक तक्ता. भाषा हिंदी आणि इंग्रजी, कारण त्यांचा बराचसा माल मध्य प्रदेशाकडे जातो. त्याखाली ‘यात काय नाही’ असा वेगळा परिच्छेद: ऑनलाइन विक्री नाही, लोगो नाही, नंतर महिन्याच्या महिन्याला फोटो बदलणं नाही, आणि गुगलवर पहिल्या नंबरची हमी नाही. शेवटची हमी कुणीच प्रामाणिकपणे देऊ शकत नाही, पण बाजारात ती सर्रास दिली जाते, म्हणून लिहावं लागतं. त्याऐवजी गुगल मॅपवर कारखान्याची नोंद व्यवस्थित करून देण्याचं काम मी व्याप्तीत घेतलं.

दुरुस्त्यांची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘दोन वेळा दुरुस्ती’ एवढंच लिहून काही होत नाही. आबांनी सकाळी फोनवर एक सांगितलं, मुलाने दुपारी दुसरं आणि पुतण्याने रात्री तिसरं, तर त्या किती दुरुस्त्या झाल्या? म्हणून पत्रात लिहिलं: एक दुरुस्ती म्हणजे एका वेळी, एका यादीत, लेखी आलेले सगळे बदल. यादी मुलाने पाठवायची, आणि मंजुरी त्याचीच धरली जाईल. घरचा धंदा असला की हे नाव आधी ठरवून घ्यावं. नाहीतर काम नव्वद टक्क्यांवर येऊन अडकतं आणि त्यात दोष कुणाचाच नसतो.

वेळापत्रकात मी तारखा घालत नाही, आठवडे घालतो. पाच आठवड्यांची मोजणी सुरू होते ती आगाऊ रक्कम आणि उत्पादनांची माहिती, दोन्ही हातात आल्यावर. पहिले दोन आठवडे मुखपृष्ठाचं डिझाइन आणि मंजुरी, पुढचे दोन बांधणी, शेवटचा दुरुस्त्या आणि मोबाइलवरची तपासणी. कारखान्याच्या बाजूने पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर तेवढे दिवस पुढे सरकतील, हेही त्यातच. कारखान्याच्या कामात उशीर होतो तो बहुधा माहितीमुळे. वजनाचा तक्ता सुपरवायझरच्या डोक्यात असतो, कागदावर नसतो.

फोटोंसाठी वेगळा आकडा धरा. चटईच्या प्लॅस्टिकवर ट्यूबलाइटचा प्रकाश चमकतो आणि लाल रंग फोटोत नारिंगी दिसतो. व्यापाऱ्याने तो बघून माल मागवला तर भांडण कारखान्याशी होतं. शेडच्या दाराशी, सावलीत, सकाळच्या उजेडात चटई पसरून आणि एक कोपरा दुमडून फोटो काढले की वीण आणि रंग दोन्ही खरे दिसतात.

आता पैसे. बांधणीसाठी मी कामाचे दिवस मोजले: आराखडा आणि डिझाइन 4, बांधणी 7, फॉर्म आणि तपासणी 3, दुरुस्त्या 2. एकूण 16 दिवस, दिवसाला 2,000 धरून 32,000. हे दिवसांचं गणित माझ्या वहीत राहतं, पत्रात जात नाही. गेलं तर बोलणी कामावरून तुमच्या रोजावर घसरतात. पत्रात तीन ओळी: वेबसाइट 32,000, मजकूर लेखन 6,000, फोटो 5,000. एकूण 43,000. डोमेन आणि होस्टिंगचा खर्च त्यात नाही. ते दोन्ही आबांच्या नावाच्या खात्यातून, त्यांच्याच ईमेलवर घ्यायचं आणि दर वर्षी नूतनीकरण त्यांनी करायचं. डोमेन स्वतःच्या नावावर ठेवून गिऱ्हाईक बांधून ठेवणारे डिझायनर आहेत. मला ते पटत नाही, आणि कारखानदाराने आधी एकदा चटका खाल्लेला असला तर ही एकच ओळ वाचून तो तुमच्याकडे वळतो.

रक्कम तीन टप्प्यांत: 40 टक्के सुरुवातीला, 40 डिझाइन मंजूर झाल्यावर, 20 साइट सुरू करण्याआधी. शेवटचा टप्पा ‘साइट सुरू झाल्यावर’ असा लिहू नका, मग तो वसूल करायला खेटे घालावे लागतात. कराची ओळही हवी. माझी उलाढाल 20 लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणी नाही आणि बिलावर जीएसटी लागणार नाही. त्यामुळे कारखान्याला इनपुट क्रेडिटही मिळणार नाही, हे त्यांच्या अकाउंटंटला आधीच कळलेलं बरं. टीडीएस कापणार असतील तर तो माझ्या पॅनवर भरावा, असंही लिहिलं.

आबा पत्र वाचून म्हणाले, “35 करून टाक भाऊ.” इथे नवखे लोक 43 चे 38 करतात आणि काम तेवढंच ठेवतात. मग आबांना वाटणार की आधीचे पाच हजार उगीच लावलेले होते. मी त्यांना विचारलं, यातलं काय कमी करू? फोटो वगळू नका, असं मीच सुचवलं. मुलाने मजकूर स्वतः लिहून द्यायचं कबूल केलं, ते 6,000 वजा झाले आणि एकूण 37,000 वर ठरलं. टप्पे 14,800, 14,800 आणि 7,400. पत्रात दोनच जागी बदल झाला: रकमेत, आणि वेळापत्रकात ‘मजकूर कंपनीने द्यायचा, तो पूर्ण मिळाल्यापासून पाच आठवडे’ या ओळीत.

खाली ‘हा दर 15 दिवस लागू’ असं लिहून पीडीएफ पाठवली. सहीसाठी पुन्हा चक्कर मारली नाही. व्हॉट्सॲपवर त्या पीडीएफच्या खालीच ‘मंजूर’ असं उत्तर घेतलं आणि त्या चॅटची प्रत पत्रासोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवली.