टायर-बॅटरीचा स्टॉक फिरवताना माल आल्याची तारीख नव्हे, बनल्याची तारीख धरा

‘आधी आला तो आधी विका’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो. ऑइल फिल्टरला तो चालतो, ब्रेक पॅडलाही चालतो. टायर आणि बॅटरीला चालत नाही, कारण हा माल तुमच्याकडे आज आला म्हणून आज बनलेला नसतो. कंपनीच्या गोडाऊनमध्ये, मग डेपोत, मग वितरकाकडे तो किती दिवस पडून होता हे आवक चलानावर कुठेच दिसत नाही. ते फक्त मालावर छापलेल्या कोडमध्ये दिसतं. तरीही बहुतेक जण ‘नवीन माल मागे लावा, जुना पुढे ओढा’ एवढंच शिकवतात आणि नवीन आलेला माल रॅकवरच्या मालापेक्षा वयाने मोठा असू शकतो हे सांगतच नाहीत. मी पहिली काही वर्षं तसंच केलं. एका वार्षिक मोजणीत मागच्या रांगेतून तीन वर्षांहून जुने टायर निघाले. पुढच्या रांगेत मात्र चार महिन्यांपूर्वी बनलेले टायर होते आणि तेच रोज विकले जात होते. विकणाऱ्या मुलांची त्यात काही चूक नव्हती. रांग मी लावून दिली होती.

कोड वाचणे

टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याची तारीख. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ४८२३ म्हणजे २०२३ सालचा ४८वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे, त्याला रॅकवर जागाच नको.

बऱ्याच टायरवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात. दुसऱ्या बाजूची डीओटीची ओळ अर्धवट असते, तिच्यात तारीख नसते. ‘याच्यावर तारीखच नाही’ असं कोणी म्हणालं की टायर उलटा करून बघायला सांगा. आकडे हवेत ते आडव्या लांबट चौकटीतले. कडेवर साइझचे, वजन पेलण्याचे आणि हवेच्या दाबाचेही आकडे असतात. घाईत तेच वहीत उतरलेले मी पाहिले आहेत.

कोड उलटा करणे

सगळी गडबड इथे होते, म्हणून इथे थोडं थांबतो.

कोडमध्ये आठवडा आधी आणि वर्ष नंतर असतं. तो जसाच्या तसा वहीत किंवा संगणकात उतरवून लहानाकडून मोठ्याकडे लावला, तर यादी दिसायला नीट दिसते आणि पूर्ण चुकलेली असते. एकाच साइझचे १३ टायर घ्या. रॅकवर ०५२४ चे ६ आणि ४८२३ चे ३ आहेत. नवीन गाडीतून १०२४ चे २ आणि ३९२३ चे २ उतरले. कोड जसाच्या तसा लावला तर क्रम येतो ०५२४, १०२४, ३९२३, ४८२३. म्हणजे २०२४ चे आठ टायर आधी विकायचे आणि २०२३ चे पाच मागे राहायचे! आलेल्या तारखेने लावलं तरी चुकतंच, कारण सगळ्यांत म्हातारे ३९२३ चे दोन टायर आजच्या गाडीतून उतरले आहेत आणि ते रांगेत शेवटी जाणार.

उपाय एकच. वर्ष पुढे घ्या, आठवडा मागे टाका. ३९२३ चा २३३९ होतो, ४८२३ चा २३४८, ०५२४ चा २४०५ आणि १०२४ चा २४१०. आता लहान आकडा म्हणजे जुना टायर, डोळे झाकून. आमच्याकडे याला ‘उलटा आकडा’ म्हणतात. तो प्रत्येक टायरच्या ट्रेडवर लेबल लावून मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो, म्हणजे रॅकसमोर उभं राहिलं की दिसतो. मूळ कोड कडेवर आहे म्हणून लेबल टाळू नका. टायर रॅकवर उभे एकाला एक चिकटून असतात, कड दिसतच नाही, आणि कोड बघायला टायर ओढून काढावा लागणार असेल तर गर्दीच्या वेळी कोणी ओढत नाही.

संगणकावर यादी ठेवत असाल तर आणखी एक खड्डा आहे. ०५२४ टाकलं की पुढचं शून्य गळतं आणि ५२४ उरतं. हे आकडे इंग्रजी अंकांत टाका, मूळ कोड A रकान्यात ठेवा आणि शेजारी हे सूत्र द्या. गळलेलं शून्यही ते परत आणतं.

```
=RIGHT(TEXT(A2,"0000"),2)&LEFT(TEXT(A2,"0000"),2)
```

बिलिंगचं सॉफ्टवेअर असेल तर हाच उलटा आकडा बॅच नंबर म्हणून भरा आणि माल काढण्याचा क्रम बॅचवर ठेवा. तो आवक तारखेवर सोडला, तर सॉफ्टवेअर रोज चुकीचा टायर सुचवत राहील आणि पडद्यावर दिसतंय म्हणून सगळे त्यावर विश्वास ठेवतील.

एक सावधगिरी मात्र बाळगा. उलटा आकडा फक्त क्रम लावायला आहे, वजाबाकीला नाही. २३४८ मधून २३३९ वजा केले तर ९ येतात आणि अंतरही खरंच ९ आठवड्यांचं आहे. पण २४०५ मधून २३४८ वजा केले तर ५७ येतात, अंतर मात्र इथेही ९ आठवड्यांचंच आहे: २०२३ चे उरलेले ४ आणि २०२४ चे ५. या ५७ च्या भरवशावर मी एकदा वितरकाशी ‘टायर वर्षभर जुना’ म्हणून भांडलो होतो. वर्ष बदललं की आठवडे बोटांवर मोजा.

माल उतरवताना

चलानावर सही करण्याआधी कोड वाचा आणि चलानाच्या दोन्ही प्रतींवर लिहा. किती आठवड्यांपर्यंतचा माल घ्यायचा हे पार्टीशी आधीच ठरवून ठेवा. माझी रेघ २६ आठवड्यांची आहे, त्यापलीकडचा टायर मी फोन केल्याशिवाय उतरवून घेत नाही. सही झाल्यावर केलेली तक्रार कोणी ऐकत नाही.

जोडी न फोडता काढणे

गिऱ्हाईक एक टायर क्वचितच नेतं, दोन किंवा चार नेतं. एका ॲक्सलवर एकाच कोडची जोडी जावी हा माझा आग्रह आहे, म्हणून ‘सगळ्यांत जुना आधी’ हा नियम आंधळेपणाने चालवता येत नाही. वरच्याच १३ टायरचं बघा. पहिल्या गिऱ्हाइकाला दोन हवेत, त्याला २३३९ ची जोडी द्या. दुसऱ्याला चार हवेत. २३४८ चे तिन्ही आणि २४०५ चा एक दिला तर एक ॲक्सल मिश्र होते. म्हणून २३४८ चे दोन आणि २४०५ चे दोन द्या. मागे २३४८ चा एकटा उरतो. त्याच्या लेबलवर लाल गोल करा, स्टेपनीसाठी एकच टायर मागायला येणाऱ्याला तोच पहिला दाखवा, आणि कोणता कोड देताय ते त्याला स्वतःहून सांगा. असे एकटे टायरच पुढे तीन-तीन वर्षं रॅकवर राहतात, त्यांच्यावर लक्ष ठेवावंच लागतं.

टायर उभे ठेवा, उन्हापासून लांब ठेवा, आणि बॅटरी चार्जर, वेल्डिंग मशीन, मोटर यांच्याजवळ अजिबात नको. त्यांच्या ठिणग्यांमधून ओझोन तयार होतो आणि तो रबराला चिरा पाडतो.

बॅटरीला दोन तारखा

टायर रॅकवर हळूहळू म्हातारा होतो. ॲसिड भरून आलेली बॅटरी रॅकवर नुसती बसून उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होऊन ती कायमची कमजोर होते. म्हणून बॅटरीच्या लेबलवर दोन ओळी हव्यात: बनल्याची तारीख आणि शेवटच्या चार्जिंगची तारीख. दुसरी बदलत राहते, पहिली कधीच नाही. चार्ज केली म्हणून बॅटरी नवी झाली असं समजून तिला रांगेत मागे ढकलणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका.

बॅटरीचा कोड टायरसारखा एकसारखा नसतो. झाकणावर किंवा टर्मिनलवर ठोकलेल्या खुणेत बऱ्याचदा महिन्याला एक अक्षर आणि वर्षाला एक आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी धरलं तर सी४ म्हणजे मार्च, ४ने संपणारं वर्ष. पण काही कंपन्या वर्ष आधी लिहितात, आणि काही जण आय हे अक्षर १ सारखं दिसतं म्हणून गाळतात. मग त्यापुढचं प्रत्येक अक्षर एका महिन्याने सरकतं. अंदाज बांधू नका. प्रत्येक कंपनीच्या प्रतिनिधीकडून कोडची किल्ली लिहून घ्या, काउंटरमागे चिकटवा, आणि बॅटरीचंही वर्ष पुढे, महिना मागे असा उलटा आकडा करा. जे४ चा जे दहावा की नववा हे त्या किल्लीवरून ठरेल, २४१० की २४०९ ते मगच लिहा.

दर महिन्याला व्होल्टमीटर लावा. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ च्या वर दाखवते. १२.४ ला आली की चार्जिंगला काढा, त्याखाली जाऊ देऊ नका. चार्जरवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका, आकडा फुगलेला असतो. रात्रभर ठेवून सकाळी मोजा. उन्हाळ्यात फेरी पंधरा दिवसांवर आणा, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरी साधारण दुप्पट वेगाने उतरते. पत्र्याखालचा सगळ्यांत वरचा कप्पा बॅटरीला कधीच देऊ नका.

आता नेहमीची अडचण. गिऱ्हाईक काउंटरवर उभं आहे, सगळ्यांत जुनी बॅटरी १२.३ दाखवते आणि तिच्या मागची ताजी १२.७. हात ताजीकडे जातो, आणि जुनी आणखी एक आठवडा उतरत बसते. असं चार वेळा झालं की ती बॅटरी भंगाराच्या भावात जाते. यावर मला एकच गोष्ट उपयोगी पडली. प्रत्येक मॉडेलच्या सगळ्यांत जुन्या दोन बॅटऱ्या शनिवारी रात्री चार्जिंगला लागतात आणि सोमवारी सकाळी १२.६ च्या वर मोजूनच पुढच्या कप्प्यात येतात. आठवडाभर विक्री त्याच कप्प्यातून होते. तो रिकामा झाला तरच मागे हात घालायचा, आणि तेव्हाही लेबलवरचा लहान आकडा शोधून.

चार्ज करूनही सकाळी १२.४ च्या खाली आलेली बॅटरी विकू नका. व्होल्टेज ठीक दिसलं तरी बराच काळ उतरलेली पडून होती अशी शंका असेल, तर लोड टेस्टर लावा. सल्फेट धरलेली बॅटरी चार्जरवर झटकन भरल्यासारखी दाखवते आणि भार पडताच बसते. अशी सापडली की कोडचा फोटो आणि चलानाची प्रत जोडून त्याच दिवशी कंपनीकडे दावा टाका. आवकीला कोड चलानावर लिहिलेला असेल, तर तिथे पडून राहिली की तुमच्याकडे, हा वाद होत नाही.