डायनिंग टेबलावर पेंडंट लाइट लावताय? या चुका टाळा

इलेक्ट्रिशियन शिडीवर चढला की विचारतो, "वायर किती सोडू?" आणि आपण खालून हातानेच अंदाज दाखवतो. घोळ इथेच होतो. दिव्याची उंची टेबलाच्या पृष्ठभागापासून मोजायची असते. टेबलापासून शेडच्या खालच्या कडेपर्यंत ३० ते ३६ इंच अंतर असलं की बहुतेक घरांत जमतं.

घोडबंदर रोडवरचा एखादा टू बीएचके घ्या. फॉल्स सीलिंग ९ फुटांवर, म्हणजे १०८ इंच. टेबल ३० इंच उंच, शेडची उंची १० इंच. मधे ३२ इंच ठेवायचे ठरवले, तर शेडची कड जमिनीपासून ६२ इंचांवर येते आणि सीलिंगपासून शेडपर्यंत वायर लागते ३६ इंच. वायर कापण्याआधी समोरासमोर दोघांना बसवून बघा. एकमेकांचा चेहरा अडत असेल तर दिवा वर घ्या. नुसता बल्ब डोळ्यांत खुपत असेल तर खोल शेड किंवा दुधी काचेचा बल्ब लागेल. वायर पुरेशी सोडून उरलेली वरच्या वाटीत गुंडाळून ठेवा. कापलेली वायर वाढत नाही.

आता रुंदी. दुकानात उंच छताखाली टांगलेली शेड छोटी वाटते, घरी आणली की टेबलच झाकते. शेड टेबलाच्या रुंदीच्या निम्मी ते दोन तृतीयांश असावी, आणि दोन्ही बाजूंना टेबल निदान ६ इंच मोकळं राहावं. ४८ बाय ३० इंचांच्या चार खुर्च्यांच्या टेबलाला १५ ते १८ इंचांची शेड पुरते. २४ इंची घेतलीत तर वाढायला वाकणाऱ्याचं डोकं आपटणारच. शंका असेल तर त्या मापाचा पुठ्ठा गोल कापून सुतळीने टांगा आणि एक जेवण त्याखाली करा.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच असते. बिल्डरने दिलेला पॉइंट खोलीच्या मध्यावर, आणि टेबल भिंतीला टेकलेलं. मग दिवा टेबलाच्या कडेवर लोंबतो. पॉइंट तोडफोड करून हलवायची गरज नाही. टेबलाच्या मध्यावर छताला हूक मारा आणि वायर त्यावरून आणा. मात्र वायर त्या वळणाइतकी लांब घ्यावी लागेल. गणपतीत टेबल बाजूला सरकवत असाल तर हूक आणखीच उपयोगी: ६२ इंचांवरची शेड मोकळ्या जागेत बऱ्याच जणांच्या कपाळाला लागते, तेव्हा तेवढे दिवस वायर हुकावर वर गुंडाळून ठेवता येते.

काचेची जड शेड नुसत्या जिप्सम बोर्डाला कधीच लटकवू नका. बोर्डाला भोक पाडून फास्टनर थेट स्लॅबमध्ये ठोकायला सांगा. फॉल्स सीलिंगचं काम सुरू असतानाच हे सांगितलंत तर इलेक्ट्रिशियनचीही कुरकुर होत नाही.