पुल रिक्वेस्टचे आकडे, पण माणसांची नावं नाहीत

आमच्या टीमच्या अहवालात आधी प्रत्येकाच्या नावापुढे मर्ज झालेल्या पीआरची संख्या असायची. परिणाम लगेच दिसला: एकच फंक्शनचं नाव बदलायचं काम चार पीआरमध्ये तुटून येऊ लागलं आणि अवघड रिव्ह्यू कोणी हातात घेईना.

मी नावं काढली आणि संपूर्ण टीमसाठी एकच प्रश्न ठेवला: पहिला रिव्ह्यू मिळेपर्यंत पीआर किती वेळ थांबतो? ड्राफ्ट म्हणून उघडलेल्या पीआरची वेळ उघडल्यापासून न मोजता `ready_for_review` या घटनेपासून मोजली. नाहीतर लोक ड्राफ्ट लवकर दाखवणंच बंद करतात, आणि ते नुकसान मोठं. नुसत्या ‘बघतो’ अशा कमेंटला रिव्ह्यू धरलं नाही.

सरासरी दिली नाही. मध्यक दिला आणि सोबत सगळ्यात जास्त रखडलेले पाच पीआर. त्या यादीतच खरं कारण सापडलं: डेटाबेस मायग्रेशनचे पीआर एकाच माणसाकडे अडकत होते. दुसऱ्या एकीला ते काम शिकवलं, रांग ओसरली.

तरी घाईघाईत मंजुरी देऊन हा आकडाही सुधारता येतो. म्हणून शेजारी रिव्हर्ट झालेल्या पीआरची संख्या ठेवतो. वेळ घटली आणि रिव्हर्ट वाढले, तर त्या आठवड्याचे रिव्ह्यू आम्ही एकत्र बसून उघडून वाचतो. वार्षिक मूल्यमापनात यातलं काहीही जाणार नाही, हे मॅनेजरकडून लेखी घेतलं आहे.