बाजारचा गुरुवार आणि ρ ची ओळख

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सॅम्पलिंगच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा: पद्धतशीर नमुन्याचा व्हेरिअन्स सरल यादृच्छिक नमुन्यापेक्षा कमी कधी असतो? उत्तर मला पाठ होतं. ρ हा −1/(N−1) पेक्षा लहान असेल तेव्हा. पाच मार्क मिळायचे आणि विषय संपायचा. हा ρ, म्हणजे नमुन्याच्या आतला सहसंबंध, नेमका काय आहे, तो कुठे दिसतो आणि कुठे दिसत नाही, हे मात्र मला नोकरी लागल्यावर चौथ्या महिन्यात कळलं, तेही तोंडघशी पडून.

काम साधं होतं. आठवडी बाजार भरणाऱ्या एका गावातल्या किराणा दुकानाची वर्षभराची वही होती. रोजचं एक पान, त्यावर त्या दिवशीच्या बिलांची यादी. पानांना 1 ते 364 असे क्रमांक होते. तारखा पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होत्या आणि त्या मी पाहिल्याच नाहीत. दिवसाला सरासरी किती बिलं होतात, ते काढायचं होतं. 52 पानं पुरेशी होती, म्हणून 364 भागिले 52, अंतर आलं 7. एक ते सात यांतला एक आकडा यादृच्छिक काढला, तो निघाला 4. मग पद्धतशीर नमुन्याच्या रीतीने दर सातवं पान घेत 4, 11, 18, 25 अशी पानं मोजत गेले. सरासरी आली 118 आणि मानक त्रुटी जेमतेम 1.2. एवढी छोटी त्रुटी बघून मी खूश होते. आमच्या मॅडमनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "अगं, ही सगळी पानं कुठल्या वाराची आहेत?"

वही सोमवारी सुरू होत होती. चौथं पान गुरुवारचं, अकरावंही गुरुवारचं. त्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. मी वर्षभरातले 52 बाजारदिवस मोजले होते.

चूक कळायला एक मिनिट लागलं, पण मानक त्रुटी एवढी लहान का आली ते समजायला आठवडा गेला. मॅडमनी मला चार आठवड्यांची खेळण्यातली वही करायला सांगितली, म्हणजे कागदावर हिशेब होईल. तोच हिशेब इथे देते. सोमवारपासून रविवारपर्यंत बिलं धरा 40, 40, 50, 120, 60, 50, 60, आणि चारही आठवडे तंतोतंत तेच. म्हणजे एकूण दिवस N = 28 आणि खरी सरासरी 60. सरासरीपासूनची विचलनं अशी: −20, −20, −10, 60, 0, −10, 0. त्यांच्या वर्गांची बेरीज आठवड्याला 4600, चार आठवड्यांची 18400. 27 ने भागलं की S² = 681.5.

आता अंतर 7 घ्या, म्हणजे नमुन्यातले दिवस n = 4. इथे मुळात सातच नमुने शक्य आहेत: सगळे सोमवार, सगळे मंगळवार, असे. पद्धतशीर नमुन्यात यादृच्छिक असतो तो फक्त पहिला आकडा. तो पडला की बाकी सगळं ठरलेलं. म्हणून व्हेरिअन्स म्हणजे या सात सरासऱ्या 60 पासून किती लांब आहेत त्याच्या वर्गांची सरासरी: 4600 भागिले 7, म्हणजे 657.1. वर्गमूळ 25.6 बिलं. याच चार दिवसांची निवड चिठ्ठ्या टाकून केली असती तर? 681.5 ला 4 ने भागून 24/28 ने गुणलं की 146.0, वर्गमूळ 12.1. पद्धतशीर नमुना साडेचार पट वाईट.

आता त्याच वहीत अंतर 4 करा, n = 7. पहिलं पान 1 असेल तर पुढची 5, 9, 13, 17, 21, 25. वार बघा: सोमवार, शुक्रवार, मंगळवार, शनिवार, बुधवार, रविवार, गुरुवार. सातही वार एकेकदा! कुठूनही सुरुवात करा, हेच होतं, कारण 4 आणि 7 यांना सामाईक विभाजक नाही. चारही नमुन्यांची सरासरी बरोबर 60. व्हेरिअन्स शून्य. सात चिठ्ठ्यांच्या यादृच्छिक नमुन्याचा मात्र 73.0 राहतो.

वही तीच, दुकान तेच, फक्त अंतर बदललं. या दोन टोकांमध्ये काय बदललं, याचं एका आकड्यातलं उत्तर म्हणजे ρ. एकाच नमुन्यात पडणारे दोन दिवस घ्या, दोघांची विचलनं गुणा, अशा सगळ्या जोड्यांची सरासरी काढा आणि तिला विचलनवर्गांच्या सरासरीने, म्हणजे आपल्या 657.1 ने, भागा. अंतर 7 असताना नमुन्यातले सगळे दिवस एकमेकांची नक्कल असतात, म्हणून ρ = 1. अंतर 4 असताना नमुन्यातल्या विचलनांची बेरीज शून्य होते. एक वर गेला की बाकीचे त्याला खाली ओढतात. जोड्यांची संख्या 42, त्यांच्या गुणाकारांची बेरीज −4600, सरासरी −109.5, आणि ρ = −1/6. हीच त्याची खालची मर्यादा, −1/(n−1). व्हेरिअन्सची ही दोन सूत्रं शेजारीशेजारी ठेवा, पहिलं पद्धतशीर नमुन्याचं, दुसरं सरल यादृच्छिकचं:

```
V_sys = (S²/n) · ((N−1)/N) · [1 + (n−1)ρ]
V_srs = (S²/n) · ((N−n)/N)
```

पहिल्यात ρ = 1 आणि n = 4 घातलं की 657.1 येतं, ρ = −1/6 आणि n = 7 घातलं की शून्य. दोन्ही सूत्रं समान ठेवून सोडवलीत की परीक्षेतलं ते −1/(N−1) मिळतं. इथे ते −1/27 आहे, म्हणजे जवळजवळ शून्यच. एका वाक्यात सांगायचं तर नमुन्याच्या आतली माणसं, दिवस, शेतं जितकी एकमेकांपेक्षा वेगळी, तितका पद्धतशीर नमुना चांगला. मी कॉलेजात हे उलटं समजून बसले होते: नमुना "एकसंध" असला की बरा. (n−1) या गुणकाकडेही नीट बघा. n = 52 असेल तर ρ केवळ 0.1 असला तरी कंसाची किंमत 6.1 होते.

आता माझ्या 1.2 वर येऊ. ती मानक त्रुटी मी सरल यादृच्छिक नमुन्याच्या नेहमीच्या सूत्राने काढली होती, जे नमुन्याच्या आतल्या फरकांवर चालतं. खेळण्यातल्या वहीत अंतर 7 असताना आतला फरक शून्य, म्हणून सूत्र म्हणतं त्रुटी शून्य. खरी त्रुटी 25.6. अंतर 4 असताना नमुन्याच्या आत s² = 766.7, त्यातून सूत्र सांगतं व्हेरिअन्स 82.1, म्हणजे मानक त्रुटी 9.1, खरी त्रुटी शून्य. सूत्र नुसतं चुकत नाही, ते उलट दिशेला बोट दाखवतं. नमुना जितका वाईट, तितकं ते जास्त खात्रीने बोलतं. नवख्या माणसाने या विषयात दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, पण एका सुरुवातीच्या पद्धतशीर नमुन्यातून ρ कळत नाही, एवढं ठेवावं. ρ काढायला दुसरे नमुने कसे असते ते माहीत लागतं, आणि आपल्या हातात एकच असतो.

संपूर्ण यादी हातात असेल, निदान मागच्या वर्षाची किंवा शेजारच्या दुकानाची, तर मात्र सगळे शक्य नमुने तपासणं अगदी सोपं आहे. R मध्ये चार ओळी पुरतात. k बदलून बघत जा.

```r
y <- rep(c(40,40,50,120,60,50,60), 4); k <- 7
m <- tapply(y, (seq_along(y)-1) %% k, mean)
mean((m - mean(y))^2)                  # V_sys
(1 - 1/k) * var(y) / (length(y)/k)     # V_srs
```

मग पद्धतशीर नमुना सोडूनच द्यावा का? मी त्या आठवड्यात रागाने तेच म्हणाले होते. मॅडमनी आणखी एक यादी दिली: 1 ते 28 हे आकडे चढत्या क्रमाने, जणू दुकानं लहानापासून मोठ्यापर्यंत लावली आहेत. अंतर 4 घेतलं की पद्धतशीर नमुन्याचा व्हेरिअन्स 1.25, यादृच्छिकचा 7.25. यादी चढती किंवा उतरती असेल तर प्रत्येक नमुन्यात लहान, मध्यम, मोठे सगळे येतात, ρ ऋण होतो आणि फायदाच फायदा. नेहमीचं सूत्र इथेही फसतं, पण सुरक्षित बाजूला: ते 8 सांगतं. त्याऐवजी लागोपाठच्या निवडींमधल्या फरकांच्या वर्गांवरून काढलेला अंदाज 0.86 येतो, जो 1.25 च्या पुष्कळ जवळ आहे. गुरुवारच्या वहीत मात्र ही युक्तीही कुचकामी, कारण गुरुवार वजा गुरुवार शून्यच. यादीला काही क्रमच नसेल तर दोन्ही पद्धती सारख्याच. विल्यम आणि लिलियन मॅडो यांनी 1944 मध्ये दाखवलं की यादीच्या सगळ्या शक्य मांडण्यांवर सरासरी घेतली तर दोन्ही व्हेरिअन्स समान येतात. म्हणून प्रश्न पद्धतीचा कमी आणि यादी कोणत्या क्रमाने लावली आहे याचा जास्त असतो.

तेव्हापासून यादी हातात आली की मी आधी तिचा क्रम विचारते. रोजच्या नोंदी असतील तर आठवडा आणि पगाराची तारीख बघते. घरांची यादी असेल तर चाळीत एका मजल्यावर किती खोल्या आहेत ते विचारते. मजल्यावर दहा खोल्या आणि अंतर दहा असेल तर सगळ्या कोपऱ्यावरच्या खोल्या नमुन्यात येतात, आणि कोपऱ्याची खोली बहुधा मोठी असते. पण सगळे आवर्त आधी ओळखता येतील असं नाही. त्यासाठी मॅडमनी सांगितलेला उपाय म्हणजे एका लांब नमुन्याऐवजी अनेक छोटे. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी एकमेकांत गुंफलेले उपनमुने वापरायची जी पद्धत रुजवली, तिच्याच घरातला हा उपाय.

ती वही मी पुन्हा केली. अंतर 26 घेतलं, म्हणजे एका सुरुवातीत 14 पानं. 26 आणि 7 यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे प्रत्येक वार बरोबर दोनदा येतो. (28 घेतलं असतं तर पुन्हा गुरुवारच्या तावडीत सापडले असते.) एक ते सव्वीसमधून चार वेगवेगळ्या सुरुवाती काढल्या, एकूण 56 पानं. चार सरासऱ्या आल्या 58, 61, 60, 57. मध्य 59. त्यांच्यातला फरक म्हणजेच खऱ्या त्रुटीची झलक: s² = 3.33, त्याला 4 ने भागून 22/26 ने गुणलं की 0.70, मानक त्रुटी 0.84. चारच आकड्यांवरून काढलेला अंदाज आहे, मुक्ततेच्या मात्रा फक्त तीन, तेव्हा तो स्वतःही डळमळीत. मॅडम म्हणाल्या, "सहा सुरुवाती घेतल्या असत्यास तर?" सहा म्हणजे 84 पानं. वही दुकानदाराला संध्याकाळी परत द्यायची होती, म्हणून चारवरच थांबले.