सोनं घेताना या चुका टाळा: दागिना, वेढणी की बाँड?

पाडवा, दसरा किंवा गुरुपुष्यामृत आलं की पेढीवर गर्दी होते आणि जो तो दराचीच चौकशी करतो. दर कुठेही थोडाफार सारखाच असतो. पैसे जातात ते बिलातल्या इतर ओळींमध्ये.

पहिली चूक म्हणजे काट्यावर दिसलेलं वजन सोन्याचं समजणं. मंगळसूत्रात काळे मणी असतात, बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते, मोत्याच्या नथीत तर सोनं नावालाच. बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलात निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचं शुल्क दाखवायलाच हवं. ते शुल्क नगाला ४५ रुपये आणि त्यावर जीएसटी इतकंच असतं.

उदाहरण घेऊ. हिशेब सोपा जावा म्हणून २२ कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरतो. मंगळसूत्र काट्यावर २० ग्रॅम भरलं, त्यातले मणी साडेतीन ग्रॅम. म्हणजे सोनं साडेसोळा ग्रॅम, किंमत १,६५,००० रुपये. घडणावळ १४ टक्के, म्हणजे २३,१०० रुपये. या दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी ५,६४३ रुपये. हॉलमार्किंग धरून बिल साधारण १,९३,८०० रुपये. २० ग्रॅमवर दर लावला असता, तर साडेतीन ग्रॅम मण्यांचे ३५,००० रुपये सोन्याच्या भावाने गेले असते, वर त्यावरची घडणावळ वेगळी.

आता हेच मंगळसूत्र त्याच दराने मोडायला नेलं तर? घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत. सराफाने दोन टक्के घट धरली तर हातात १,६१,७०० रुपये पडतात. म्हणजे सोनं जवळपास २० टक्के महागेल तेव्हा कुठे मुद्दल सुटेल. दागिना अंगावर घालायला घ्यावा, त्याला गुंतवणूक म्हणू नये, असं माझं मत आहे. (घरात हे बोलून दाखवायची जबाबदारी ज्याची त्याची.)

घडणावळीवर ‘५० टक्के सूट’ असा फलक दिसला की आधी मूळ घडणावळ किती ते विचारा आणि सूट वजा करून ग्रॅममागे किती रुपये पडतात ते काढा. कधी घडणावळ कमी दाखवून ‘घट’ वेगळी लावतात. दोन्हींची बेरीज करूनच दोन पेढ्यांची तुलना करा.

शुद्धतेबाबत सर्रास होणारी चूक म्हणजे ‘केडीएम आहे’ या शब्दावर विसंबणं. ती डाग देण्याची जुनी पद्धत, शुद्धतेची हमी नव्हे. भिंग मागा आणि दागिन्यावर तीन खुणा शोधा: बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, त्रिकोणी शिक्का, 22K916 सारखी शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा नवा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. दोन ग्रॅमपेक्षा हलके नग आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना हॉलमार्कची सक्ती नाही, तिथे विशेष जपून.

पण क्रमांक दिसला म्हणजे काम झालं असं नाही. बीआयएस केअर अॅपमध्ये `Verify HUID` निवडून तो टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्किंग केंद्र समोर येतं. हातात मंगळसूत्र आणि अॅपवर अंगठी दिसली, तर क्रमांक दुसऱ्याच नगाचा आहे. पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून हे करायचं. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी भरली, तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची नियमांत तरतूद आहे. मात्र त्यासाठी पक्कं बिल हवं.

साठवायलाच सोनं हवं असेल तर २४ कॅरेटची वेढणी किंवा नाणं बरं. १० ग्रॅमच्या नाण्यावर घडणावळ दोन टक्के धरली, तर जीएसटीसह खर्च सुमारे पाच टक्क्यांवर थांबतो. एकेक ग्रॅमची नाणी जमवत गेलात, तर ग्रॅममागे घडणावळ जास्त पडते. बँकेतलं नाणं मात्र बँक परत घेत नाही, मोडायला सराफाकडेच जावं लागतं.

सरकारच्या सुवर्ण रोख्यांची, म्हणजे गोल्ड बाँडची, शेवटची मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ६,२६३ रुपये ग्रॅम दराने. आता घ्यायचे तर डिमॅट खात्यातून, शेअर बाजारात. इथली चूक अशी की लोक अडीच टक्के व्याज गृहीत धरतात. ते व्याज मूळ विक्री किमतीवर मिळतं, तुम्ही मोजलेल्या किमतीवर नाही. त्या मालिकेच्या एका ग्रॅमवर वर्षाला साधारण १५७ रुपये. तोच ग्रॅम तुम्ही १०,००० ला घेतला, तर व्याज दीड टक्क्याच्या आसपास. मुदत संपल्यावर पैसे आधीच्या तीन कामकाजाच्या दिवसांच्या ९९९ शुद्धतेच्या सोन्याच्या सरासरी दराने मिळतात, म्हणून त्या दिवशीच्या ९९९ दरापेक्षा चढ्या भावात बाँड दिसला तर ती वरची रक्कम परत येत नाही. खरेदीची ऑर्डर देताना किंमत ठरवूनच टाका. बऱ्याच मालिकांत उलाढाल इतकी कमी असते की बाजारभावाने दिलेली ऑर्डर भलत्याच दराला लागते.