मुलांसाठी एकत्र राहावे की वेगळे व्हावे : ठरवण्याआधी घरात काय पाहावे

"मुलांकडे पाहून निभावून न्या" आणि "रोजच्या कटकटीपेक्षा वेगळे झालेले बरे" हे दोन्ही सल्ले बहुतेक वेळा मुलाकडे न पाहताच दिले जातात. इंदूरच्या मराठी कुटुंबांशी समुपदेशक म्हणून बोलताना मी हे दोन्ही इतक्यांदा ऐकले आहेत की, आता आई-वडिलांना मी आधी निर्णय विचारतच नाही. मुलाला घरात काय दिसते, हे त्यांनी स्वतः तपासून यावे, एवढेच सांगते. ते कसे तपासावे, ते पुढे दिले आहे.

१. मारहाण असेल तर हा लेख बाजूला ठेवा

घरात हात उगारला जात असेल किंवा धमक्या दिल्या जात असतील, तर निरीक्षण करत बसू नका. आधी मुलासह सुरक्षित जागी जा आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला.

२. दोन आठवडे नोंद ठेवा

वहीत भांडणाचे कारण लिहू नका, कारण त्यातून फक्त आरोपांची यादी तयार होते. मूल त्या वेळी कुठे होते, भांडण कसे थांबले आणि दोघे पुन्हा सरळ बोलू लागेपर्यंत किती वेळ गेला, एवढ्याच तीन गोष्टी लिहा.

"आम्ही मुलासमोर भांडत नाही" हे वाक्य मी खरे धरत नाही. ओरेगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली सहा ते बारा महिन्यांच्या झोपलेल्या बाळांच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा रागीट स्वराला त्या मेंदूचा प्रतिसाद वेगळा असल्याचे दिसले. आणि ज्या घरांत आई-वडिलांमध्ये तणाव अधिक होता, तिथल्या बाळांत हा फरक जास्त ठळक होता. मग चौथीतल्या मुलीला बंद दारापलीकडचे काही कळत नसेल, असे मानायला काय आधार आहे?

अशाच एका मुलीचे उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. रामबागेतले घर, आई-वडील दोघे नोकरी करणारे, आजी सोबत. दिराला दिलेल्या पैशांवरून वाद होत, तेही रात्री दहानंतर आणि दार लावून. मुलीला समजू नये म्हणून दोघे मराठी सोडून इंग्रजीत बोलत. मुलीच्या लेखी मात्र इंग्रजी सुरू होणे हीच भांडणाची खूण होती. बाबा स्कूटरचे स्टँड कसे लावतात, यावरून संध्याकाळ कशी जाणार ते ती ओळखत असे. आई बाबांचे पान वाढून आत निघून जाते आणि रविवारी सकाळी तिघांनी मिळून पोहे-जिलेबी खायला जाणे बंद झाले आहे, हेही तिने टिपले होते. सर्वांत वाईट म्हणजे, पैशांचे आकडे कानावर पडल्यामुळे वाद आपल्या गणिताच्या क्लासच्या फीवरून चालला आहे, अशी तिने समजूत करून घेतली होती. माहिती अपुरी असली की मूल त्या जागी स्वतःला बसवते, आणि दार लावल्याने माहिती अपुरीच राहते.

त्यांच्या वहीत दोन आठवड्यांत भांडणे चारच निघाली, पण अबोल्याचे दिवस अकरा होते. त्या अकरा दिवसांत "बाबांना सांग, पान वाढलंय" आणि "आईला विचार, चावी कुठे आहे" असे सगळे निरोप मुलीमार्फत जात होते.

३. भांडणाचा शेवट मुलासमोर करा

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि बहुतेक जोडपी इथेच अडतात. भांडण सर्वांसमोर पेटते, समेट मात्र मध्यरात्री खोलीत होतो. त्यामुळे मुलाला सुरुवात दिसते, पण शेवट कधीच दिसत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांनी मोठ्यांची भांडणे मुलांना दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया अनेक वर्षे अभ्यासल्या. ज्या भांडणाचा खरोखर निकाल लागतो, त्याने मुले बरीच कमी अस्वस्थ होतात, आणि समेट आतल्या खोलीत झाला असला तरी तो झाल्याचे नंतर सांगितल्यानेही फरक पडतो, असे त्यांना आढळले. न बोलता धरलेला रागही मुलांना ओरडण्यासारखाच जाणवतो.

म्हणून सकाळी, शाळेची गडबड सुरू होण्यापूर्वी, दोघांनी मिळून तीन वाक्ये बोलावीत : "काल आम्ही पैशांवरून भांडलो. त्याचा तुझ्याशी किंवा तुझ्या क्लासशी काही संबंध नाही. काय करायचे ते आम्ही आता ठरवले आहे." विषय सांगावा, चूक कोणाची ते सांगू नये. निर्णय झालेला नसेल तर तसे सांगावे, पण निरोप मुलामार्फत पाठवणे त्याच दिवसापासून बंद करावे.

इथे तीन गोष्टींबाबत मी कठोर आहे. एक, एकाने नुसती मान तुकवणे म्हणजे समेट नव्हे; मुलांना तो पडलेला चेहरा दिसतो. दोन, काही न बोलता सराफ्यात नेऊन रबडी खाऊ घातल्याने फक्त मोठ्यांना बरे वाटते. तीन, "तू जाऊन बाबांना समजाव, तुझे ऐकतात ते" असे आजीने सांगितले, तर तिला प्रेमाने पण त्याच क्षणी थांबवावे. समजूत काढण्यात यश आले की मुलाला ती आपलीच जबाबदारी वाटू लागते, आणि अपयश आले की तोच आपला अपराध वाटतो.

४. तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा

अबोला अकरा दिवसांवरून एक-दोन दिवसांवर आला असेल, तर एकत्र राहण्याला अर्थ आहे. भांडणे मुळातच कमी असतील आणि केवळ ओढ उरली नसेल, तर वेगळे होण्याची घाई करू नका. समाजशास्त्रज्ञ पॉल अमाटो आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीव्र संघर्षाच्या घरांतील मुले आई-वडील वेगळे झाल्यावर पुढे अधिक बरी राहिली; कमी संघर्षाच्या घरांत मात्र एकत्र राहणेच मुलांच्या हिताचे ठरले. ज्या मुलाने घरात वादळ पाहिलेलेच नाही, त्याला आई-वडील वेगळे का झाले ते समजत नाही.

अबोला तसाच असेल, मुलाची पोटदुखी नेमकी भांडणानंतरच्या सकाळी येत असेल, किंवा आई-वडिलांना एकटे सोडायला नको म्हणून ते मित्राच्या घरी जाणे टाळत असेल, तर त्याच्यासाठी एकत्र राहतो आहोत, असे म्हणू नये.

५. वेगळे व्हायचे ठरले तर

कोणी घर सोडण्यापूर्वी दोघांनी मिळून सांगा. शाळा तीच राहील का, आणायला कोण येईल, सायकल कुठे असेल, आजी कधी भेटेल, याची उत्तरे आधी तयार ठेवा, कारण मूल हेच विचारते. "तुला कोणाकडे राहायचे?" हा प्रश्न घरात विचारू नका. ताब्याबाबत न्यायालय मुलाचे हित सर्वांत वर ठेवते आणि समज असलेल्या मुलाचे मतही ऐकते. तिथेही त्याला पढवून नेऊ नका. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्यानुसार अर्जापूर्वी वर्षभर वेगळे राहिलेले असणे आवश्यक असते, त्यामुळे मुलाच्या आठवड्याची घडी कागदपत्रांची वाट न पाहता बसवावी लागते.

रामबागेतल्या घरी अबोला पुन्हा आठवड्यावर गेला आणि वडिलांनी शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या. मुलगी काही आठवडे रात्री रडत असे. मात्र निरोप ती पोहोचवत नाही. चावी, फी आणि वेळा यांबद्दल दोघे एकमेकांना फोन करतात.