फोटोवरून बाऊल पारखताना या चुका टाळा

मातीची भांडी निवडताना आता आधी फोटो येतात, भांडं नंतर. ऑर्डरचे बाऊल, प्रदर्शनासाठी पाठवलेले मग, सगळं फोनवर. आणि तेच तेच घोळ पाहून मी आता खरंच थकलोय. त्यातला सगळ्यात मोठा घोळ मी स्वतः केलाय, तो आधी सांगतो.

पंधरा सेंटीमीटर तोंडाचे स्टोनवेअरचे बाऊल होते. एका तरुण मुलीने चाकावर केलेले. तिने प्रत्येकाचे दोन फोटो पाठवले, एक पुढून, एक मागून. मी स्क्रीनवर रुंदी मोजली. एकाची पुढून १२३० पिक्सेल, मागून ११७०. म्हणजे पाच टक्के फरक, पंधरा सेंटीमीटरवर जवळजवळ साडेसात मिलीमीटर! मी लगेच कळवलं, बाऊल अंडाकृती झालेत, ट्रिमिंगच्या वेळी दाबले गेले असणार. ती एवढंच म्हणाली, "काका, एकदा कॅलिपर लावून बघा ना." भांडी मागवली, कॅलिपर लावला. कुठूनही धरा, १५० मिलीमीटर.

चूक माझ्या वाचनात होती. बाऊल खरंच अंडाकृती असता, तर पुढून आणि मागून तो सारखाच रुंद दिसला असता. फरक दिसायला हवा होता तो पुढचा आणि बाजूचा फोटो ताडून पाहताना. इथे झालं होतं असं की, बाऊल फिरत्या पाटावर मध्यापासून सेंटीमीटरभर सरकून ठेवलेला होता आणि फोन जेमतेम चाळीस सेंटीमीटरवर होता. पाट फिरवला की बाऊल एकदा ३९ सेंटीमीटरवर येतो, एकदा ४१ वर जातो, आणि तेवढ्यानेच हा पाच टक्क्यांचा फरक पडतो. हाच फोन दोन मीटरवर ठेवून झूम केला असता, तर फरक एका टक्क्यावर आला असता.

तेव्हापासून पाटाला चार खुणा केल्यात, ०, ९०, १८०, २७०. चारही फोटो घेतल्याशिवाय मी मत देत नाही. ०° आणि १८०° ला रुंदी सारखी, ९०° आणि २७०° ला सारखी, पण या दोन जोड्यांत फरक, तर भांडं अंडाकृती आहे. ०° ला सगळ्यात जास्त, १८०° ला सगळ्यात कमी आणि मधल्या दोन्हींत मधली, तर भांडं ठीक आहे, ठेवण्यात चूक आहे. फोनची लेन्स भांड्याच्या निम्म्या उंचीवर हवी. वरून फोटो काढला की तोंड जवळ येतं, तळ लांब जातो, आणि सरळ उभा मगसुद्धा खाली निमुळता दिसतो. घाईत हातात फोन धरून फोटो काढणाऱ्यांना हे कधीच पटत नाही. स्टँड नसेल तर पुस्तकांची चळत लावा, पण फोन हलता कामा नये.

ग्लेझबद्दल. चमक आणि पातळ ग्लेझ यात गल्लत करू नका. बाऊल थोडा फिरवा. डाग जागेवरच राहिला तर ती खिडकीची चमक, भांड्यासोबत फिरला तर तो ग्लेझमधलाच फरक. मी खिडकीला बटर पेपर लावतो, म्हणजे चमक पसरते. फ्लॅश बंद. आणि स्क्रीनवर बोट दाबून धरून उजेड लॉक करा, नाहीतर फोन प्रत्येक फोटोत आपलं गणित बदलतो आणि एकाच बाऊलचे चार रंग दिसतात. कडेला ग्लेझ पातळ आणि तळाशी जाड दिसला म्हणून लगेच नापास करू नका. वितळताना तो खाली ओघळतोच, कित्येक ग्लेझचं रूपच त्यात आहे. मी चारी बाजूंनी त्या पट्ट्याची उंची सारखी आहे का, ते बघतो.

चिरांसाठी तळाचा फोटो मागा. तो कोणीच पाठवत नाही, आणि चाकावरच्या भांड्याची एस आकाराची चीर तिथेच, मधोमध असते. टॉर्च तळाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका, आणि दोनदा टाका, दुसऱ्यांदा काटकोनात. उजेडाच्या दिशेनेच गेलेली चीर सावली पाडत नाही, म्हणून एका फोटोत ती सहज निसटते. चिरेचे काठ गोल असतील आणि ग्लेझ आत उतरला असेल, तर ती ग्लेझ वितळण्याआधीची आहे. काठ धारदार असतील तर भट्टी थंड होताना गेलेली. ग्लेझवरच्या बारीक जाळीला मात्र तडा म्हणू नका, ते क्रेझिंग. ती फक्त ग्लेझमध्ये असते.

ग्लेझने पूर्ण झाकलेली चीर कुठल्याच फोटोत येत नाही. त्यासाठी बाजारात माठ घेताना करतो तेच करायचं. बाऊल तळहातावर मोकळा ठेवून काठावर टिचकी मारायची. स्टोनवेअर खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द वाजलं, तर फोटो कितीही सुंदर असो, मी तो बाऊल घेत नाही. लांबून निवडायचं असेल तर मी फोटोंबरोबर टिचकीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ मागतो.